पावसात कसलेला बोल्ट, उन्हाळ्यात सैल : एका कुरकुरणाऱ्या पलंगाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या किनारपट्टीवरच्या एका घरातलं आहे. घराचं नाव, वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. घर समुद्रापासून इतकं जवळ की उधाणाच्या दिवसांत खिडकीच्या गजांवर मिठाचा हात फिरतो. घरात सत्तरी ओलांडलेले काका आणि काकी. मुलगा मुंबईला.

पलंग फणसाच्या लाकडाचा, गावातल्याच सुताराने केलेला, साडेसहा फूट बाय पाच फूट. रचना जुन्या पद्धतीची आणि उत्तम आहे. चार अडीच इंची पाय, उशाची आणि पायथ्याची बाजू कायमची सांधलेली. त्यांना जोडणाऱ्या दोन लांब पट्ट्या मात्र बोल्टने कसलेल्या, म्हणजे पलंग सुटा होऊन दारातून आतबाहेर नेता येतो. प्रत्येक कोपऱ्यात दोन बोल्ट, एकूण आठ. बोल्ट पायाच्या बाहेरच्या अंगाने आत शिरतो, पाय पार करून लांब पट्टीच्या टोकात जातो, आणि पट्टीच्या आतल्या अंगाला पाडलेल्या खाचेत त्याचा नट बसतो. पट्ट्यांना आतून रिपा मारलेल्या, रिपांवर आडव्या फळ्या, त्यांवर कापसाची गादी. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या.

काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. उठताना ते पायथ्याच्या खांबाला धरून उठायचे. पलंग कुरकुरतो याची त्यांना वर्षानुवर्षांची सवय होती. पण आता तो हाताखाली हलायला लागला होता, आणि काकींना त्याचीच धास्ती होती.

अडचण

मला बोलावलं ते श्रावणात. गणपतीला मुलगा आणि सून येणार होते आणि त्याआधी पलंगाचं काहीतरी करायचं होतं. मुलाने फोनवर नवा पलंग घेऊ असं सांगून टाकलं होतं. काकींचं उत्तर तयार होतं: "ह्यो पलंग माझ्या बापाशीन दिल्लो. टाकूचो नाय."

तक्रार दोन प्रकारची होती, आणि घरच्यांनी ती एकच समजली होती. एक म्हणजे आवाज, कूस बदलली की यायचा. दुसरं म्हणजे हलणं. पायथ्याशी उभं राहून पलंग लांबीच्या दिशेने ढकलला की उशाची बाजू अंगठ्याएवढी पुढेमागे डोलायची.

आधी काय काय केलं होतं तेही विचारून घेतलं, कारण जुन्या उपायांचे परिणाम सांध्यात शिल्लक राहिलेले असतात. आवाज बंद व्हावा म्हणून काकींनी सांध्यांत खोबरेल सोडलं होतं. दोन-चार दिवस बरं वाटे, मग पुन्हा तेच. आणि मागच्या पावसाळ्यात भाच्याने पान्याला पाइप घालून आठही बोल्ट पिरगळून पिरगळून कसले होते. तेव्हा आवाज पार थांबला. मार्गशीर्षात परत सुरू झाला, आणि शिमग्यापर्यंत पूर्वीपेक्षा वाढला. मग भाच्याने पुन्हा पाना लावला, पण बोल्ट फिरेचना. घट्टच लागले. "बोल्ट घट्ट आहेत, म्हणजे लाकूडच गेलं," असा सगळ्यांचा समज झाला आणि नव्या पलंगाचा विषय तिथून निघाला.

या प्रकरणाचा सगळा गाभा भाच्याच्या त्या हकिगतीत होता. पावसात कसल्यावर शांत, कोरड्या दिवसांत सैल, आणि सैल असूनही पान्याला घट्ट. या तीन गोष्टी एकत्र का येतात ते कळलं की दुरुस्ती आपोआप ठरते.

तपासणी: आवाज कुठला, हलणं कुठलं

गादी उतरवली, फळ्या तशाच ठेवल्या आणि काकींना काठावर बसून थोडं पुढेमागे व्हायला सांगितलं. दोन वेगळे आवाज ऐकू आले. एक लांबट, "किर्रर" असा. दुसरा छोटा, "टक", दिशा बदलली की प्रत्येक वेळी एकदाच. किर्रर म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतायत. टक म्हणजे कुठेतरी फट आहे आणि तेवढ्यात काहीतरी सरकून आपटतंय.

मग फळ्या काढल्या. खिळे कटावणीने उचलावे लागले, त्यात गंजलेले. एक फळी टोकाला चिरली. फळ्यांविना नुसती चौकट हलवली तर किर्रर जवळजवळ गेला, टक मात्र तसाच. म्हणजे घासण्याचा आवाज फळ्या-खिळ्यांचा आणि हलणं सांध्यांचं, हे पाच मिनिटांत वेगळं झालं. ज्यांना आपल्या पलंगाचं निदान करायचं आहे त्यांनी एवढी एकच गोष्ट करावी: आधी फळ्या बाजूला काढून चौकट एकटी हलवून बघावी. बोल्ट कसत बसणारे बरेच लोक खरं तर फळ्यांचा आवाज बंद करायला निघालेले असतात.

टक कुठल्या कोपऱ्यातून येतो हे कानाने ठरवू नये. लाकडातून आवाज लांबवर जातो, आणि झोपणाऱ्याचे कान उशाकडे असल्याने त्याला तो उशाकडूनच वाटतो. काकाही उशाचा डावा सांधा दाखवत होते. मी सांध्याच्या रेषेवर, अर्धं बोट पायावर आणि अर्धं पट्टीवर येईल असं ठेवलं आणि काकींना पलंग हलवायला सांगितलं. हलणारा सांधा बोटाला लगेच कळतो, दोन्ही बाजू वेगवेगळ्या सरकतात. उशाचा डावा सांधा स्थिर होता. पायथ्याचे दोन्ही सांधे सरकत होते, आणि उशाचा उजवा थोडासा.

खात्रीसाठी जुन्या कॅलेंडरच्या पानाची अरुंद पट्टी कापून पाय आणि लांब पट्टी यांच्यामधल्या रेषेत सारून पाहिली. नीट कसलेल्या सांध्यात कागद शिरत नाही. पायथ्याच्या डाव्या सांध्यात तो दीड इंच आत गेला, आणि तिथल्याच बोल्टला पाना लावला तर बोल्ट दगडासारखा घट्ट. पाना म्हणतोय घट्ट, कागद म्हणतोय सैल. अशा वेळी कागदाचं ऐकायचं.

घट्ट बोल्ट, सैल सांधा

तो एक बोल्ट काढला आणि कारण समोर आलं. बोल्ट पाच इंची, म्हणजे १२७ मिमी. त्यावर आटे फक्त शेवटच्या एका इंचावर. उरलेली १०२ मिमी दांडी कोरी. नट या कोऱ्या दांडीपर्यंतच चढू शकतो, त्यापुढे नाही.

सुताराने पलंग केला तेव्हा बोल्टला डोक्याचा खळगा सोडून पायातलं ५१ मिमी आणि पट्टीतलं ५५ मिमी असं १०६ मिमी लाकूड आवळायचं होतं, वर दीड मिमीचा वायसर. एकूण १०७.५ मिमी. कोरी दांडी १०२ ची, म्हणजे नटाला आणखी पाच मिमी पुढे यायला जागा होती. हिशेब बरोबर होता. पण डोक्याखालचा वायसर छोटा, १६ मिमी व्यासाचा. भाच्याच्या पाइपच्या जोरात तो लाकडात तीन मिमी रुतला होता. आतल्या खाचेत तर नटाखाली वायसरच नव्हता. चौकोनी नट थेट लाकडात बसलेला, तोही तितकाच आत गेलेला. दोन्हीकडचे तीन-तीन गेल्यावर उरले १०१.५ मिमी. नट आटे संपून कोऱ्या दांडीला टेकला होता. पाना जोर लावतोय तो नट आणि दांडी यांच्यातच जिरतोय, लाकडाला त्यातलं काहीच पोचत नाही.

काही बोल्टना आणखी एक जोड होती: गंज. खाऱ्या हवेत साध्या लोखंडाच्या आट्यांत गंज फुगतो आणि नट जागीच धरून ठेवतो. तेव्हाही पान्याला घट्ट लागतं आणि सांधा मात्र सैलच असतो.

आता वायसर लाकडात इतका रुतला का, याचं उत्तर ऋतूत आहे. लाकूड धाग्याच्या दिशेने लांबीत जवळजवळ बदलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आक्रसतं. या सांध्यात बोल्ट लांब पट्टीत धाग्याच्या दिशेने जातो आणि पायात आडवा जातो. म्हणजे फुगणं-आक्रसणं फक्त पायाच्या जाडीत. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओलीने भरलेली असते आणि घरातलं लाकूड पाणी ओढून घेतं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत ते पाणी सुटतं. वायसरखालच्या पन्नासेक मिमी लाकडात हा फरक अर्ध्या मिमीच्या आसपास पडतो, जात आणि धागा यांप्रमाणे कमी-जास्त. आठ मिमी बोल्टच्या एका फेऱ्यात नट सव्वा मिमी सरकतो, म्हणजे ऋतूचा फरक साधारण अर्ध्या फेऱ्याइतका.

पावसात फुगलेल्या लाकडावर पूर्ण जोर लावून बोल्ट कसला की ओलीने मऊ पडलेल्या लाकडाला तो जोर पेलत नाही. वायसरखालचे धागे चेपले जातात, आणि चेपलेले धागे परत वर येत नाहीत. कोरड्या दिवसांत लाकूड आक्रसतं ते चेपलेल्या जागेपासून पुढे. मग फट पूर्वीपेक्षा मोठी. पुढच्या पावसात पुन्हा कसलं तर पुन्हा चेपेल. भाच्याची मेहनत खरी होती, पण त्या मेहनतीने सांधाच खाल्ला जात होता.

कोणते पर्याय होते

नवा पलंग हा पर्याय काकींनीच संपवला होता, आणि माझ्या मतेही लाकूड धड असताना तो घेण्याचं कारण नव्हतं. पाय आणि पट्ट्या टोच्याने टोचून पाहिल्या. वाळवी नाही, भुंगा नाही, कुजकं कुठेच नाही. ही तपासणी आधी करावीच लागते. पायाचं लाकूड आतून पोकळ असेल तर खालचं काहीही उपयोगाचं नाही.

दुसरा पर्याय कोपऱ्यांना आतून लोखंडी एल-पट्ट्या आणि स्क्रू. बाजारात सगळ्यात पटकन होणारं काम हेच. पण या पलंगात लांब पट्टी पायापासून सुटतेय, ती परत पायाला ओढून आवळण्याची गरज आहे. एल-पट्टी ओढत नाही, आहे त्या फटीसकट धरून ठेवते. काही महिन्यांत तिचे स्क्रू स्वतःची भोकं मोठी करतात आणि कुरकुरीत एक नवा आवाज जमा होतो.

तिसरा, सांध्यात गोंद भरून कायमचं चिकटवणं. खोबरेल मुरलेल्या लाकडाला गोंद धड धरत नाही, आणि धरला तरी पलंग परत कधी दारातून बाहेर निघणार नाही. पुराचं पाणी अंगणापर्यंत येणाऱ्या घरात पलंग सुटा करता येणं ही चैन नव्हे.

उरला तो चौथा: सांध्याची रचना तशीच ठेवून बोल्ट, वायसर आणि फळ्यांची बैठक बदलणं. निर्णय एवढाच उरला की हे आत्ता, श्रावणात करायचं की शिमग्यापर्यंत थांबायचं. लाकूड कोरडं असताना कसणं केव्हाही चांगलं. पण काकांचा आधार त्या हलत्या खांबावर होता, सहा महिने थांबणं धोक्याचं. म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं ठरवलं. गणपतीआधी सगळी दुरुस्ती आणि बेताचं कसणं, शिमग्याच्या सुमाराला शेवटचं कसणं.

काय केलं

पहिल्या दिवशी फक्त निदानाची परीक्षा घेतली. पायथ्याच्या डाव्या सांध्यातले दोन्ही बोल्ट काढून प्रत्येकाच्या डोक्याखाली तीन-तीन जादा वायसर घातले आणि परत कसले. डोकं साडेचार मिमी बाहेर आलं, तेवढाच नट कोऱ्या दांडीपासून मोकळा झाला, आणि सांधा डोळ्यांदेखत मिटला. कागद शिरेना. काकांनी खांब धरून पाहिला आणि विचारलं, "इतकंच होतं?" इतकंच नव्हतं, कारण छोट्या वायसरांची ती थप्पी परत लाकडात रुतलीच असती. पण ज्याच्याकडे दुसरं काही करायची सोय नाही, त्याने हा उपाय बेलाशक करावा. काही रुपयांत रोगाचं कारण कळतं आणि बराचसा आरामही पडतो.

मग नवं सामान. जुना बोल्ट अडीच सुताचा होता, म्हणजे पाच-सोळांश इंची. आठ मिमीच्या बोल्टशी तो डोळ्यांना सारखाच दिसतो, पण आटे वेगळे. जुन्या नटात नवा बोल्ट दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे जोर केला तर दोन्ही वाया. म्हणून बोल्ट आणि नट जोडीनेच घेतले: स्टेनलेस स्टीलचे, ८ मिमी जाड, १२० मिमी लांब, आणि महत्त्वाचं म्हणजे पूर्ण लांबीभर आटे असलेले. कोरी दांडीच नाही, त्यामुळे लाकूड पुढे कितीही आक्रसलं तरी नट आडणार नाही. नट नायलॉक, ज्यात आतून नायलॉनचं कडं असतं. लाकूड हललं तरी असा नट आपोआप फिरून सुटत नाही, त्यामुळे तो राक्षसी जोराने कसण्याची गरजच राहत नाही. स्टेनलेसवर स्टेनलेस कसताना आटे एकमेकांना चिकटून जाम होऊ शकतात, म्हणून प्रत्येक बोल्टला बोटभर ग्रीस लावलं आणि पाना सावकाश फिरवला.

वायसर २४ मिमी व्यासाचे आणि दोन मिमी जाडीचे घेतले. १६ च्या जागी २४ म्हणजे व्यास दीडपट, पण भोक वजा करून लाकडावर टेकणारी जागा अडीच पटीहून जास्त होते. तोच जोर तेवढ्या मोठ्या जागेवर पसरतो, रुतणं तिथेच थांबतं.

मोठा वायसर बसवायला पायावरचा खळगा २६ मिमीपर्यंत रुंद करावा लागला. भोक आधीच असल्याने ड्रिलच्या बिटाला मधोमध टेकायला जागा नसते आणि ते भरकटतं. त्यासाठी प्लायवुडच्या तुकड्यात त्याच मापाचं भोक पाडून तो तुकडा पायावर क्लॅम्पने धरला आणि त्यातून बिट घातलं. तीन मिमी चेपलेलं लाकूड त्याच फटक्यात निघालं, खाली ताजा सपाट तळ मिळाला. आतल्या खाचेत गोल मोठा वायसर मावत नव्हता, कारण पट्टी दीड इंचीच जाड. तिथे ३ मिमी जाडीच्या स्टील पट्टीचे १६ बाय ३० चे तुकडे कापून भोक पाडून घेतले, खाच उंचीला थोडी वाढवली आणि तळ पटाशीने सपाट केला. आवळायचं लाकूड आता १०० मिमी उरलं, दोन्हीकडचं स्टील धरून १०५. नट बसून बोल्ट सात मिमी पुढे राहतो, खाचेत तेवढी जागा आहे. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय बोल्ट विकत घेऊ नयेत, दहा मिमीच्या फरकाने एकतर नट धरत नाही किंवा बोल्ट खाचेच्या भिंतीला आडतो.

सांधे उघडे होते तेव्हा घासण्याच्या खुणाही दिसल्या. पट्टीच्या टोकाला पायात शिरणारं कुसू आहे, त्याच्या गालांवर काळे, काचेसारखे चकचकीत डाग. घासणं तिथे. खोबरेलाचा चिकट थर स्पिरिटच्या फडक्याने पुसला, १२० नंबरच्या कागदाने हलकं घासलं आणि फक्त गालांवर मेणबत्ती चोळली. कुसवाच्या भोवतीचा जो भाग पायाला टेकतो आणि आवळला जातो, त्याला मेण लावलं नाही. तिथे पकडच हवी. पायथ्याच्या उजव्या पायावर पॉलिशचा एक ओघळ सुकून टणक झाला होता, त्याच्यामुळे पट्टी एका कडेलाच टेकत होती. तो पटाशीने खरवडला.

जोडताना क्रम पाळला. आठही बोल्ट आधी हाताने. मग दोरीने दोन्ही कर्ण मोजले. या मापाच्या चौकटीत कर्ण साधारण ९८ इंच भरतो, आणि पहिल्या मोजणीत दोहोंत पाऊण इंचाचा फरक होता. लांब कर्णाच्या कोपऱ्याला हाताने रेटून तो काढला. त्यानंतर पाय पाहिले. लादीचा उतार मोरीकडे, त्यामुळे एक पाय चार मिमी अधांतरी. त्याखाली टणक रबराचा तुकडा दिला. अधांतरी पाय तसाच ठेवून बोल्ट कसले असते तर चौकट पिळलेली कसली गेली असती, आणि माणूस बसला की ती पीळ सोडायला सांध्यातूनच हालचाल झाली असती.

शेवटी कसणं. तेरा नंबरचा साधा पाना, पाइप नाही. सांध्यात कागदाची पट्टी ठेवून बोल्ट फिरवत गेलो. कागद ओढून निघेना झाला की आणखी पाव फेरा, आणि थांबलो. भाचा शेजारी उभा होता, त्याला हे फारच कमी वाटलं. मी त्याला नव्या वायसरची कड दाखवली: लाकडावर नुसती टेकलेली, रुतलेली नाही. श्रावणात तिथेच थांबायचं असतं.

फळ्या

खिळ्याने ठोकलेली फळी आवाज करणारच. फळी वाकते तशी ती खिळ्यावर वरखाली सरकते, खिळा आपलं भोक मोठं करतो, गंज त्यात करकरतो. खिळे सगळे काढून टाकले. रिपांचे ढिले स्क्रू जाड आणि लांब घालून पक्के केले, जिथे भोक मोठं झालं होतं तिथे बांबूच्या काड्या गोंद लावून ठोकल्या आणि सुकल्यावर नवा स्क्रू घातला.

रिपेवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी सलग अंथरली, त्यावर फळ्या. प्रत्येक टोकाला एकच स्क्रू, फळीच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर, आणि फळीतलं भोक स्क्रूपेक्षा एक मिमी मोठं. दोन स्क्रू दोन कडांना मारले तर फळीला रुंदीत फुगायला वाव राहत नाही, ती चिरते किंवा स्क्रू उपटते. फळीची टोकं लांब पट्टीला घासत होती, ती करवतीने तीन-तीन मिमी कमी केली. फळ्यांमध्ये बोटभर फट आधीपासून होती, ती तशीच ठेवली. टोकाला चिरलेली फळी गोंद भरून, पक्की बांधून वाळवली आणि पायथ्याला, जिथे भार कमी, तिथे लावली.

परिणाम

गणपतीत पलंगावर मुलगा-सून झोपले, आवाज नाही. काका खांबाला धरून उठले तर बोटाला सरक लागत नव्हती. मार्गशीर्षात काकींचा फोन आला की पायथ्याकडून एखादा "टक" येतो, क्वचित. हे अपेक्षितच होतं. लाकूड सुकायला लागलं होतं.

शिमग्याच्या आधी जाऊन आठही बोल्ट कसले. प्रत्येकाने पाव ते अर्धा फेरा घेतला आणि मग थांबले. या वेळी थोडा जास्त हात दिला, कारण कोरडं लाकूड ओल्या लाकडापेक्षा कमी चेपतं आणि मोठा वायसर खाली होता. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पायाच्या लाकडापर्यंत पेन्सिलची एक रेघ ओढली. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. पुढच्या पावसात आवाज नाही, रेघा जागेवर. एक वायसर काढून पाहिला, त्याच्याखाली फक्त गोल शिक्का होता, खड्डा नव्हता. बोल्टांच्या डोक्यांवर चहाच्या डागासारखी तांबूस छटा आली आहे. खाऱ्या हवेत बाजारातल्या नेहमीच्या स्टेनलेसवर ती येतेच, वरवरची असते आणि आटे धरत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

फळ्यांचे खिळे पावसात उपटणं टाळता आलं असतं. फुगलेल्या लाकडाने गंजलेले खिळे घट्ट धरले होते आणि म्हणूनच फळी चिरली. खिळ्यांची डोकी कापून फळी वर उचलली असती आणि दांड्या नंतर पकडीने ओढल्या असत्या तर ती वाचली असती.

वायसरच्या बाबतीत आणखी एक वाट होती. बशीच्या आकाराचे स्प्रिंग वायसर मिळतात. ते दाबले की थोडे सपाट होतात आणि लाकूड आक्रसलं की परत उठून ताण राखतात. बोल्टमागे दोन-तीन एकमेकांवर उलटे-पालटे घातले तर ऋतूचा अर्धा मिमी ते बऱ्याच अंशी भरून काढतात, आणि शिमग्याची खेप कदाचित लागलीच नसती. नेहमीचा कापलेल्या कड्यासारखा स्प्रिंग वायसर ते काम करत नाही. तो थोड्याच जोरात सपाट होतो आणि पुढे साध्या वायसरसारखा वागतो. बशीचे वायसर तालुक्याच्या बाजारात मिळाले नाहीत आणि गणपती तोंडावर होते, म्हणून थांबलो नाही. वर्षातून एकदा पाना फिरवणारं कोणी घरात नसेल, तर मात्र ते मागवून घेऊनच काम करावं.

आणि हीच दुरुस्ती भुशाच्या बोर्डाच्या पलंगाला जशीच्या तशी लावू नये. तिथे धागाच नसतो, पावसाची ओल लागली की बोर्ड फुगून भुसभुशीत होतो आणि मोठ्या वायसरखालीही कोसळतो. असे दोन पलंग याच वाडीत पाहिले. त्यांत बोल्टभोवतीचा फुगलेला भाग कापून तिथे सागाचा ठोकळा बसवावा लागला, आणि बोल्ट त्या ठोकळ्यात घ्यावा लागला. बोर्डात बोटाने दाबल्यावर खळगा पडत असेल, तर पान्याला हात लावण्याआधी ठोकळ्याचा विचार करावा.